उलट भाषांतर पास, अर्थ नापास

अवतरणाचं भाषांतर तपासायला मी ते पुन्हा मूळ भाषेत नेऊन ताडून बघतो. पण ख्रुश्चेव्ह १९५६ मध्ये मॉस्कोत पाश्चात्त्य राजदूतांना म्हणाला, ‘मी वास पखरोनिम’. दुभाष्या सुखोद्रेव्हने शब्दशः इंग्रजी केलं: आम्ही तुम्हाला पुरू. ते परत रशियनमध्ये नेलं, की मूळ वाक्य हुबेहूब मिळतं. तरी ऐकणाऱ्यांना ती धमकी वाटली. आधीच्या वाक्यात मात्र तो ‘इतिहास आमच्या बाजूने आहे’ म्हणाला होता. म्हणजे रोख असा, की तुमची व्यवस्था आधी मरेल. मराठीत ‘तुमच्या मयताला माती द्यायला आम्ही असू’ हे अर्थाला जवळचं. पण उलट नेलं तर शब्द जुळत नाहीत. ही चाचणी शब्द पकडते, रोख नाही. त्यासाठी आधीचं वाक्यच वाचावं लागतं.