जोडतासिकेतील संगणक-प्रात्यक्षिक : वेळेच्या वाटणीचा विचार

चोवीस विद्यार्थ्यांच्या तुकडीस आठ संगणक मिळाले, की प्रत्येक यंत्रापाशी तिघांना बसवावे, ही रीत आपल्याकडे इतकी रूढ आहे की तिची चिकित्सा करण्याची गरजही कोणास भासत नाही. वस्तुतः ही वाटणी खुर्च्यांची होते, वेळेची होत नाही. तिघांपैकी कळफलक एकाच्याच हाती राहतो, दुसरा चुका दाखवितो आणि तिसरा उत्तर उतरवून घेतो. अखेरीस चोवीस जर्नले एकदम शिक्षकापुढे येतात. एकेकास एक मिनिट दिले तरी चोवीस मिनिटे हवीत. तेवढी उरलेली नसतात, म्हणून सही न वाचता होते.

शंभर मिनिटांच्या जोडतासिकेचा हिशेब निराळा मांडता येईल. प्रारंभी सूचना व हजेरी यांस दहा मिनिटे द्यावीत. पुढे पंचवीस मिनिटांच्या तीन पाळ्या, मध्ये अदलाबदलीची दोन-दोन मिनिटे, आणि शेवटी अकरा मिनिटे समारोपास. तुकडीच्या बारा जोड्या करून चार-चार जोड्यांचे अ, ब, क असे गट पाडावेत. पहिल्या पाळीत अ व ब यंत्रांवर, क मेजापाशी. दुसऱ्या पाळीत अ व क यंत्रांवर. तिसऱ्या पाळीत ब व क. प्रत्येक जोडीस यंत्रावर पन्नास मिनिटे मिळतात. दर पाळीस कळफलक एकाकडून दुसऱ्याकडे गेला, तर प्रत्येकाच्या वाट्यास पंचवीस मिनिटे येतात. शिक्षकाने मेजापाशी बसावे. पाळीस आठच जर्नले असल्याने एकेकास तीन मिनिटे देता येतात. यंत्रांकडे प्रयोगशाळा-साहाय्यकाने पाहावे.

मेजावरचा वेळ रिकामा मात्र नसावा. समजा, बबल सॉर्टचा अभ्यास आहे आणि ५, ३, ४, १, २ हे अंक दिले आहेत. पहिल्या फेरीअंती ३, ४, १, २, ५ असा क्रम होतो, हे विद्यार्थ्याने पाच चौकटी आखून दाखवावे. आतील आवर्तनाची अट `j < n - i - 1` ऐवजी `j < n` अशी लिहिली असेल, तर यंत्रावर उत्तर योगायोगाने बरोबरही दिसेल. कागदावर मात्र सहावी चौकट शोधावी लागते आणि चूक तत्काळ उघडी पडते.

या योजनेतही उणिवा आहेत. क गट आधी विचार करून यंत्राकडे जातो, तर अ गटास विचार मागाहून करावा लागतो. म्हणून अ गटास मेजावर नवे अंक देऊन फलाचे भाकीत लिहावयास लावावे, आणि दर आठवड्यास गटांचे स्थान बदलावे. ब गट परततो तो अ गटाच्या यंत्रांवर, आपल्या जुन्या यंत्रांवर नव्हे. तेव्हा काम सामाईक सर्व्हरवर किंवा पेनड्राइव्हवर जतन केलेले नसेल, तर तिसरी पाळी पुन्हा टंकनातच जाते. शिवाय, कार्यप्रणाली बसविण्यासारखे जे काम पंचवीस मिनिटांत तोडता येत नाही, त्यास ही विभागणी लागू पडत नाही.

वेळापत्रक यशस्वी झाले की नाही, याची कसोटी सोपी आहे: अखेरच्या अकरा मिनिटांत शिक्षकापुढे रांग लागलेली असेल, तर मेजावरची तपासणी झालीच नाही, असे समजावे.