तिरीप फोटोच्या चौकटीशी थांबते

नवी मुलं कर्जाच्या अर्जांची कागदपत्रं तपासायला आमच्याकडे येतात, तेव्हा पहिल्या दिवशी मी त्यांना एकच फोटो दाखवतो. मोबाइलवर काढलेला, पॅनकार्डाचा. शिकवण्यासाठी ठेवलेल्या प्रतीत नाव, नंबर आणि चेहऱ्याचा डोळ्यांपासून हनुवटीपर्यंतचा भाग झाकला आहे, बाकी सगळं जसं आलं तसं आहे. हिरव्या प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथवर कार्ड थोडं तिरकं पडलंय. डावीकडे वर कुठेतरी खिडकी असावी, कारण कार्डाच्या उजव्या आणि खालच्या कडेला बारीक सावली आहे आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातून उन्हाची एक तिरीप कार्डावरून आडवी गेली आहे. फोटो काढणाऱ्याला ती बहुधा नकोशी वाटली असेल. मला मात्र या चित्रातलं सगळ्यांत बोलकं काही असेल, तर ती तिरीप.

कार्डाचा फोटो समोर आला की आपण लगेच नाव वाचायला लागतो. मी ते मुद्दाम उशिरा वाचतो. आधी उजेड वाचतो. कार्ड छापलं गेलं एका दिवशी, फोटो काढला दुसऱ्या दिवशी. आणि फोटो काढला त्या क्षणी कार्डावरच्या प्रत्येक गोष्टीवर एकच उजेड पडला. अक्षरावर, चेहऱ्यावर, सहीवर, मागच्या बारीक नक्षीवर, सगळ्यांवर. त्या क्षणी कॅमेरा धरलेला हात किंचित हलला असेल, तर सगळंच सारखं हललं. म्हणून खरा फोटो कितीही वाईट असला, तरी एकजीव असतो. धुरकट असेल तर सगळीकडून धुरकट. या एकजीवपणाची मला मनापासून आवड आहे. मळलेल्या, कोपरे झिजलेल्या कार्डाचा अंधाऱ्या खोलीतला फोटोसुद्धा तो असला की बघावासा वाटतो.

आता अक्षरं. या फोटोत कार्डाची रुंदी साधारण 1600 पिक्सेल भरते. कार्ड असतं 85.6 मिलिमीटर रुंद, म्हणजे एका मिलिमीटरला जवळजवळ 19 पिक्सेल. नावाची ओळ 40 मिलिमीटर लांब धरली, तर ती साडेसातशे पिक्सेलची झाली. कार्ड दोन अंशांनी तिरकं आहे, तेव्हा ओळीचं शेवटचं अक्षर पहिल्यापेक्षा सुमारे 26 पिक्सेल खाली यायला हवं. मागाहून नाव बसवणारा माणूसही ओळ तिरकी करतोच, पण अंदाजाने. त्याचा अंदाज अर्ध्या अंशाने चुकला, तरी शेवटचं अक्षर सहा-सात पिक्सेल वर किंवा खाली जातं. मोठं करून ओळीखाली पट्टी धरली की ते दिसतं. आमच्या कार्डावर नावाची ओळ, वडिलांच्या नावाची ओळ आणि जन्मतारीख या तिन्ही ओळी एकमेकींना आणि कार्डाच्या खालच्या कडेला धरून उतरत होत्या. अक्षरांच्या पोटातून मागची नक्षी न तुटता जात होती.

आपल्याकडच्या पॅनकार्डात एक छान वीण असते. मराठी माणसाच्या नावात मधलं नाव वडिलांचं, आणि खालच्या ओळीत तेच नाव पुन्हा येतं, बहुतेकदा आडनावासकट. शिवाय दहा अक्षरी नंबरात चौथं अक्षर व्यक्तीसाठी ‘पी’ आणि पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं. म्हणजे कुणी आडनाव बदललं, तर त्याला दोन ओळी आणि एक अक्षर एवढं तरी बदलावं लागतं, आणि नंबर बदलला की ज्या नंबरासाठी खटाटोप चालला तोच हातचा जातो. (इथे एक सांगून ठेवतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईचा नंबर तोच राहतो, त्यामुळे पाचवं अक्षर माहेरच्या आडनावाचं असणं अगदी रास्त आहे. तेवढ्यावरून तिचा अर्ज अडवणारा तपासनीस मी पाहिला आहे. तो अन्यायच.) आमच्या कार्डाची वीण पूर्ण होती. नंबर, नाव आणि जन्मतारीख आयकर खात्याच्या नोंदीशी जुळवली, तीही जुळली.

हा अर्ज आला त्या दिवशी माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने विचारलं, “सर, सगळं मॅच आहे. अप्रूव्ह करू?”

मी म्हटलं, “थांब जरा. नोंदीनं काय सांगितलं? हा नंबर, हे नाव आणि ही तारीख एकाच माणसाची आहे. तो माणूस दिसतो कसा, हे कुठं सांगितलं?”

हीच या कामातली खरी खोच आहे. मजकूर बदललेलं कार्ड नोंदीशी जुळवताना बहुधा पकडलं जातं. पण एखाद्याच्या खऱ्या कार्डाची छबी हाती आली आणि त्यातलं अक्षरही न बदलता फक्त चेहरा बदलला, तर नंबर, नाव, तारीख जुळवणारी ती तपासणी ‘बरोबर’ असंच उत्तर देते. अर्जदाराची सेल्फीही कार्डावरच्या चेहऱ्याशी जुळते, कारण दोन्ही चेहरे त्याचेच. सगळ्या खुणा हिरव्या. मग उरतो तपासणाऱ्याचा डोळा.

म्हणून आम्ही तिरिपीकडे परत आलो. ती वरच्या पट्टीवरच्या ‘आयकर विभाग’ या अक्षरांवरून निघते, खाली उतरते, छायाचित्राच्या चौकटीपाशी येते आणि तिथे दिसेनाशी होते. चौकटीच्या पलीकडे, नंबराच्या डाव्या टोकापाशी, ती पुन्हा उगवते. त्याच रेषेत, तेवढ्याच रुंदीची. मधल्या जागेत, जिथून ती जायला हवी होती, तिथे माणसाचे केस आहेत. काळेभोर.

चकाकी कशी काम करते ते लक्षात घेतलं, की या काळेपणाचं नवल कळतं. चकचकीत कार्डाच्या वरच्या थरावरून खिडकीचा उजेड कॅमेऱ्यात परत येतो. तो खालच्या रंगावर अवलंबून नसतो, खालचा जो रंग असेल त्यात मिसळतो. पांढऱ्या जागेवर तो फारसा जाणवत नाही, कारण ती आधीच उजळ असते. काळ्या जागेवर तो लपूच शकत नाही. काळी शाई राखाडी होते. आम्ही मोजून पाहिलं. शून्य म्हणजे पूर्ण काळा आणि 255 म्हणजे पूर्ण पांढरा धरला, तर नंबरातली जी अक्षरं तिरिपीबाहेर होती ती 35च्या आसपास होती आणि तिरिपीत सापडलेलं अक्षर 80च्या पुढे गेलं होतं. केस मात्र 20 ते 25. त्याच वाटेवरचे केस खिडकीच्या उजेडाला ठाऊकच नव्हते.

मग बाकीच्या गोष्टीही बोलू लागल्या. फोटो थोडा हललेला होता, म्हणून अक्षरांच्या कडा तीन-चार पिक्सेल पसरल्या होत्या. झाकण्याआधीच्या मूळ छबीत भुवयांचा केस न् केस मात्र रेखीव होता. छापलेल्या चेहऱ्याला छपाईचा दाणा असतो, रंग थोडे बसलेले असतात. इथली कातडी नितळ, मोबाइलवरून थेट आल्यासारखी. चौकटीच्या कडेला सावलीची रेघ कुठेच नव्हती. खऱ्या कार्डावर दुसरा फोटो कापून चिकटवला असता, तर कागदाच्या जाडीची बारीक रेघ खिडकीच्या उलट बाजूला उमटली असती आणि चकाकी चौकटीपाशी मोडली असती, पण नाहीशी झाली नसती. तेव्हा हे काम कात्रीचं नव्हतं, पडद्यावर केलेलं होतं.

इतकं दिसल्यावरही मी ‘बनावट’ असा शेरा मारला नाही, आणि मुलांना हे मी दोनदा सांगतो. फोटो माणसाला न विचारता अनेकदा बदललेला असतो. स्कॅन करणारी अ‍ॅपं कागद पांढराफेक करतात, सावल्या पुसतात, तिरकं कार्ड सरळ करतात. काही मोबाइल चेहरा ओळखून तेवढाच भाग उजळ आणि मऊ करतात, मग तो चेहरा कार्डावर छापलेला का असेना. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो आला, की तो पुन्हा दाबला जातो आणि तो कधी, कुठल्या मोबाइलवर काढला ही माहिती गळून पडते. ती नसणं हा पुरावा नव्हे. जुन्या कार्डाचा वरचा पापुद्रा सुटला असेल, तर चकाकी खरोखरच मधे तुटते. अशा वेळी कार्डाचा दुसरा फोटो थोडं तिरपं धरून मागवायचा. पापुद्रा सुटला असेल तर चकाकी दुसऱ्या कोनातही तिथेच तुटेल. चेहरा मागाहून बसवलेला असेल, तर माणसाला सगळं काम नव्या उजेडात पुन्हा करावं लागेल.

आम्ही दुसरा फोटो मागवला. आला तो स्कॅन अ‍ॅपमधून सपाट केलेला, तिरीप नाही, सावली नाही, टेबलक्लॉथही कापलेला. त्यावरून काहीच ठरत नव्हतं. मग फक्त क्यूआरचा जवळून काढलेला फोटो मागवला. 2018 पासूनच्या पॅनकार्डांवरच्या क्यूआरमध्ये नंबर, नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख यांच्याबरोबर छायाचित्र आणि सहीसुद्धा असते, आणि ही सगळी माहिती डिजिटल सहीने बांधलेली असते. तिच्यात फेरफार केला तर सही जुळत नाही. पहिल्या फोटोत तो दाट चौकोन हलल्यामुळे वाचता येत नव्हता. हा वाचता आला. पडद्यावर नाव तेच आलं, नंबर तोच, तारीख तीच. चेहरा एका चष्मेवाल्या, टक्कल पडत आलेल्या गृहस्थांचा होता.

अर्ज थांबवला, पुढच्या चौकशीसाठी वर पाठवला. ज्यांच्या नंबरावर कर्ज चढणार होतं, त्या गृहस्थांना त्या दिवशी यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

माझ्यासारखे कुणीतरी रोज तुमच्या कार्डांचे फोटो पाहत असतात, म्हणून एवढं सांगतो. फोटो काढाल तेव्हा स्कॅनर अ‍ॅप नको, मोबाइलचा साधा कॅमेरा घ्या. कार्ड गडद, कोऱ्या पृष्ठभागावर ठेवा, चारही कोपरे आणि आजूबाजूचं थोडं टेबल दिसू द्या, कापू नका. तिरीप पडली तर पडू द्या. फक्त ती क्यूआरवर येऊ देऊ नका.