अक्षयुग सिद्धांत
इ. स. पू. ८०० ते २०० या काळात चीन, भारत, इराण, पॅलेस्टाइन व ग्रीस येथे मानव स्वतःच्या अस्तित्वाविषयी मूलगामी प्रश्न विचारू लागला. हा काळ म्हणजे इतिहासाचा अक्ष होय, असे मत जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स याने १९४९ मध्ये मांडले. कालमर्यादा हीच या मताची दुबळी बाजू. अवेस्तातील गाथांची भाषा ऋग्वेदाच्या भाषेला इतकी जवळची आहे, की अनेक भाषाभ्यासक जरथुश्त्राचा काळ इ. स. पू. १००० च्याही मागे नेतात. तसे असल्यास इराणचे उदाहरण चौकटीबाहेर पडते. ईजिप्तविद्यावेत्ता यान आसमान हा समकालीनतेपेक्षा लेखन व ग्रंथप्रामाण्य यांना महत्त्व देतो. परंतु दीर्घकाळ मौखिक राहिलेल्या उपनिषदांना व बुद्धवचनांना हे स्पष्टीकरण नीटसे लागू पडत नाही.