वहनांक कोणाचा?

द्रावणातून वाहणाऱ्या एकूण विद्युतप्रवाहापैकी एका आयनाने वाहिलेला वाटा म्हणजे त्याचा वहनांक, अर्थात ट्रान्सपोर्ट नंबर. ही व्याख्या देऊन झाल्यावर ‘क्लोराइडचा वहनांक किती?’ असा प्रश्न विचारला जातो. आमचा आक्षेप या प्रश्नालाच आहे, कारण तो अपुरा आहे.

आकडेच पाहू. २५° सेल्सिअसला अतिविरल द्रावणात मोलर वाहकतेतील हायड्रोजन आयनाचा हिस्सा ३५०, क्लोराइडचा ७६ आणि सोडियमचा ५० असतो (एकक: सीमेन्स सेंमी² प्रति मोल). गतिशीलतेला फॅरडे स्थिरांकाने गुणले की हा हिस्सा मिळतो. म्हणून हायड्रोक्लोरिक आम्लात क्लोराइडचा वहनांक ७६ भागिले ४२६, म्हणजे ०.१८ येतो. मिठाच्या द्रावणात तोच ७६ भागिले १२६, म्हणजे ०.६० होतो. क्लोराइडचा वेग वाढलेला नाही. चपळ जोडीदार जाऊन मंद जोडीदार आला, एवढेच. अतिविरल द्रावणातील गतिशीलता आयनाची स्वतःची, वहनांक मात्र जोडीवर ठरतो. द्रावण संहत झाले की आयन एकमेकांना अडवतात आणि हे आकडे थोडे सरकतात. तेव्हा फळ्यावर वहनांक लिहिताना शेजारी द्रावणाचे नाव आणि संहतीही लिहावी.