गोड आवाज, चुकीचं वाचन: मराठी टीटीएसला गुण देताना नेमकं काय ऐकायचं?

गेल्या वर्षी माझ्या आजीच्या फोनवर एका दवाखान्याकडून ऑडिओ संदेश आला. आवाज बाईचा, इतका छान की आजी मध्येमध्ये तिला "हो, हो" म्हणत होती. तो आवाज यंत्राचा आहे हे मी सांगेपर्यंत तिला कळलं नव्हतं. संदेशात गोळीचं नाव होतं आणि पुढे डॉक्टर लिहितात तसं 1-0-1, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. त्या गोड आवाजाने ते वाचलं, "एक वजा शून्य वजा एक". आजीने मला विचारलं, "वजा कशातून करायचं गं?" आणि तोवर दोन रात्री तिने गोळी घेतलीच नव्हती.

मी स्वतः टेक्स्ट टू स्पीच, म्हणजे टीटीएसवर काम करते. हाच आवाज मला लॅबमध्ये कुणी ऐकवला असता आणि "किती नैसर्गिक वाटतो, पाचपैकी गुण द्या" असं म्हटलं असतं, तर मी बहुतेक पाच दिले असते. तुमच्यापैकी जे या विषयात संशोधन करायचं म्हणताय, त्यांच्याशी मला याच पाच गुणांबद्दल बोलायचं आहे.

आधी थोडक्यात यंत्रणा समजून घेऊ. टीटीएसमध्ये ढोबळमानाने तीन कामं होतात. पहिलं काम मजकूर वाचण्याजोगा करणं: आकडे, तारखा, संक्षेप यांचे शब्द करायचे आणि प्रत्येक शब्दाचा उच्चार ठरवायचा. दुसरं काम सूर आणि लय ठरवणं: कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, कोणता स्वर किती लांबवायचा. तिसरं काम त्यावरून प्रत्यक्ष ध्वनी तयार करणं, ज्याला वोकोडर म्हणतात. पूर्वी टीटीएस ऐकताना पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज यायचा, तो दोष मुख्यतः तिसऱ्या कामातला होता. 2016 मध्ये वेव्हनेट आलं आणि त्यानंतरच्या न्यूरल वोकोडरनी तो प्रश्न बराचसा सोडवला. म्हणजे यंत्राचा गळा सुधारला. पण 1-0-1 ची चूक गळ्याची नाही, ती वाचनाची आहे. आपल्या भाषेत पहिलं काम किती अवघड आहे, हे एका उदाहरणावरून बघू.

ही दोन वाक्यं मोठ्याने वाचा:

त्याचे गावाकडचे जुने घर पडले.
त्याचे गावाकडचे जुने मित्र आले.

पहिल्या वाक्यात "त्याचे"मधला च तुम्ही "चाक"मधल्या चसारखा म्हटलात, दुसऱ्यात "चहा"मधल्या चसारखा. "गावाकडचे"चंही तसंच. लिपीत दोन्हीकडे अक्षर एकच आहे. फरक येतो कारण घर नपुंसकलिंगी एकवचनी आहे आणि मित्र पुल्लिंगी अनेकवचनी. म्हणजे पहिल्या शब्दाचा उच्चार चौथ्या शब्दावर ठरतो. आपण वाचताना नजर पुढे टाकतो आणि व्याकरण नकळत लावतो, म्हणून आपल्याला हे अवघड वाटत नाही.

यात एक गंमत आहे. जुन्या लेखनात नपुंसकलिंगी रूप "त्याचें" असं अनुस्वार देऊन लिहायचे आणि पुल्लिंगी अनेकवचन "त्याचे" असं बिनअनुस्वाराचं. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले असे अनुस्वार काढून टाकले. माणसांचं लिहिणं सोपं झालं, आणि ते बरोबरच होतं. पण त्या टिंबात व्याकरणाची जी माहिती होती, ती छापील मजकुरातून गेली. मी इथे बोलीप्रमाणे "त्याचं घर" लिहिलं तर यंत्राला पुन्हा खूण मिळते. बातम्या, पाठ्यपुस्तकं, सरकारी पत्रकं मात्र "त्याचे घर"च लिहिणार, आणि टीटीएसला जास्त करून तेच वाचायचं असतं.

आता यंत्र इथे काय करतं? नियमांवर चालणाऱ्या यंत्रणेत बहुधा "ए आला की च तालव्य", म्हणजे चहातला, असा नियम असतो. मग "त्याचे घर" दर वेळी चुकतं. न्यूरल मॉडेल सरळ अक्षरांवरून शिकतं आणि त्याला पुढचे शब्द दिसतात, त्यामुळे तत्त्वतः ते हा फरक शिकू शकतं. पण त्यासाठी दोन्ही प्रकारची पुरेशी वाक्यं रेकॉर्डिंगमध्ये हवीत, आणि वाचणाऱ्या व्यक्तीने स्वतः तो फरक सातत्याने पाळलेला हवा. मॉडेल बहुभाषिक असेल आणि त्यात हिंदीचे तास मराठीच्या कित्येक पट असतील, तर सगळेच च आणि ज हिंदीकडे झुकण्याचा धोका असतो. "जवळ", "चाक", "माझा" हे तीन शब्द ऐकलेत की तुम्हाला लगेच कळेल. आवाज अगदी माणसाचाच वाटतो, फक्त तो माणूस मराठी वाटत नाही.

हे कानावर सोडायचं नसेल तर प्राट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम काढा. "चाक"मधल्या चचा घर्षणाचा भाग "स"सारखा दिसतो, ऊर्जा वरच्या वारंवारितांमध्ये जमलेली. "चहा"मधला "श"सारखा, म्हणजे ऊर्जा आणखी खालपासून सुरू होते. मात्र फोन कॉलवर रेकॉर्ड केलेला नमुना यासाठी घेऊ नका. जुन्या टेलिफोन पट्ट्यात साधारण 3400 हर्ट्झच्या वरचा भाग कापला जातो आणि नेमका हाच फरक पुसट होतो.

दुसऱ्या कामातली अडचण वेगळी आहे. "तू येणार" हे वाक्य प्रश्न म्हणूनही बोलता येतं आणि खात्री म्हणूनही. समजा रेकॉर्डिंगमध्ये एकदा शेवटी सूर 260 हर्ट्झपर्यंत चढला आणि एकदा 180 पर्यंत उतरला. मॉडेलला वर्ग-त्रुटी कमीत कमी करायला शिकवलं असेल, तर त्याच्यासाठी सर्वांत सुरक्षित उत्तर मधलं, 220. हा सूर कुठलाच माणूस लावत नाही. वाक्यामागून वाक्य असाच मधला सूर ऐकला की आपण म्हणतो, "रोबोटसारखं बोलतंय". म्हणजे आजचं रोबोटपण डब्यातल्या आवाजाचं कमी आणि सरासरीचं जास्त आहे. नवी मॉडेल सरासरी न काढता शक्यतांमधून एक सूर निवडतात, त्यामुळे बोलणं जिवंत वाटतं. पण सूर जिवंत झाला म्हणून तो त्या जागी योग्य ठरत नाही. विधानाला प्रश्नाचा सूर लागला तर ते सपाट वाचनापेक्षाही वाईट.

आता माझी मूळ तक्रार. या विषयातले बहुतेक पेपर शेवटी एक आकडा देतात: मीन ओपिनियन स्कोअर, म्हणजे एमओएस. ऐकणारे एक ते पाच गुण देतात, त्यांची सरासरी. टॅकोट्रॉन 2 ने इंग्रजीसाठी 4.53 मिळवले तेव्हा खऱ्या रेकॉर्डिंगला 4.58 होते. हे यश खरंच मोठं होतं. पण या आकड्याने नेमका कोणता प्रश्न विचारला? "हे ऐकायला नैसर्गिक आहे का?" एवढाच. "हे बरोबर वाचलंय का?" हा प्रश्न ऐकणाऱ्याला सहसा विचारलेलाच नसतो, आणि बरेचदा त्याच्यासमोर मूळ मजकूरही नसतो. वाक्यं सुटी ऐकवतात, त्यामुळे सूर संदर्भाला धरून आहे का हे कळायला मार्ग नाही. चाचणीची वाक्यं बऱ्याचदा प्रशिक्षणाच्याच संचातून बाजूला काढलेली असतात, आणि रेकॉर्डिंगसाठी वाक्यं निवडताना आकडे आणि संक्षेप असलेली आधीच गाळलेली असतात. 1-0-1 तिथे येणारच कुठून? शिवाय गुण सोबत काय ऐकवलं त्यावर सरकतात. तोच आवाज वाईट आवाजांच्या रांगेत जास्त गुण घेतो. म्हणून एका पेपरातले 4.2 आणि दुसऱ्यातले 4.0 शेजारी ठेवून "हे चांगलं" म्हणू नका.

एमओएस फेकून द्या असं मी म्हणत नाही. गळा कसा आहे ते तो बऱ्यापैकी सांगतो. त्याच्या जोडीला वाचनाची वेगळी परीक्षा हवी, आणि ती कमी खर्चात होते. मी सध्या माझ्या कामात असं करते: प्रत्येक अडचणीसाठी वाक्यांच्या जोड्या बनवते, ज्यात एकच गोष्ट बदलते. वर दिलेली घर आणि मित्र ही एक जोडी. "काचेचा जग फुटला" आणि "सगळं जग पाहिलं" ही दुसरी. "1.5 किलो" दीड होतं का आणि "2.5 तास" अडीच होतात का, ही तिसरी. ऐकणाऱ्याला मजकूर समोर देते आणि फक्त बरोबर की चूक एवढंच विचारते. ऐकणारे पुण्याचे, नागपूरचे, कोकणातले असे मिसळून घेते, कारण च-जचा उच्चार सगळीकडे सारखा नाही. जिथे त्यांचंच एकमत होत नाही, ते वाक्य यंत्राच्या चुकांत धरत नाही. निकालही एका सरासरीत न घालता अडचणीनुसार वेगवेगळा मांडते. सगळं एकत्र केलं की आकड्यांच्या चुका पुन्हा लपतात.

एमएस्सीला माझ्यासोबत एक अंध मित्र होता. तो स्क्रीन रीडरवर ईस्पीकचा आवाज लावायचा, तोही इतक्या वेगात की मला एक शब्द कळत नसे. ईस्पीक नियमांवर चालतो आणि ऐकायला पक्का रोबोट. मी त्याला नवा न्यूरल आवाज ऐकवला. त्याने दोन मिनिटं ऐकून तो बंद केला. म्हणाला, "जुना चुकतो, पण दर वेळी तीच चूक करतो. मला सवय झालीये, मी मनात दुरुस्त करतो. हा कधी बरोबर, कधी चूक. आणि चुकतो तेव्हाही इतक्या खात्रीने बोलतो की कळतच नाही."

आजीचंही तेच झालं होतं. तो संदेश पत्र्याच्या आवाजात आला असता तर तिने पहिल्याच दिवशी मला फोन करून विचारलं असतं.