उच्चारता न येणारे नाव

बारशाच्या एका दुपारी घडणारी ही कथा आहे. पाळणा बांधून झाला आहे, घुगऱ्या शिजल्या आहेत आणि ताटातील तांदळावर सोन्याच्या अंगठीने नाव लिहायला बसलेल्या बापाचा हात थांबला आहे. आजीला नातवासाठी दिवंगत पतीचे, म्हणजे विश्वनाथ हे नाव हवे आहे. आईवडिलांनी ठरवले आहे सलील. जुन्या-नव्याचा संघर्ष म्हणून ही कथा सहज वाचता येते. मात्र तसे वाचल्यास तिचे मर्म हातून निसटते.

आजी प्रथम पंचांगाचा आधार घेते. मूल रोहिणीच्या तिसऱ्या चरणावर जन्मले, त्या चरणाचे अक्षर ‘वी’. ऱ्हस्वदीर्घाचा भेद येथे सहसा धरीत नाहीत, तेव्हा विश्वनाथ बसते, सलील बसत नाही. जन्मनाव पत्रिकेत ठेवून व्यवहारात दुसरे नाव योजण्याची सोय परंपरेतच आहे, हे मुलगा सुचवू शकला असता. लेखकाने मात्र उत्तर सुनेच्या तोंडी दिले आहे. ‘वि’च हवा असेल तर विवेक ठेवू, असे ती शांतपणे म्हणते. शास्त्राची ढाल गळून पडते आणि आजीपाशी खरे कारण तेवढे उरते.

ते कारण ती सांगत नाही, सांगू शकत नाही. पतीचे नाव तिने उखाण्याखेरीज कधी घेतलेले नाही. साऱ्या वादातही ती ‘ह्यांचं नाव’ एवढेच म्हणते. नातू विश्वनाथ झाला तर तिला त्याला नावाने हाक मारता येणार नाही. अशा घरांत नातवाला ‘बाळ’ किंवा ‘आबा’ म्हणत, हे तिला ठाऊक आहे. तिला ते नाव उच्चारायचे नाही, ऐकायचे आहे. त्या नावाने हाक मारणारी वडीलधारी माणसे केव्हाच गेली. मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लागते, म्हणून मुलाच्या नावात तरी ते टिकून होते. नातवाच्या नावापुढे मुलाचे नाव लागेल आणि आजोबांचे गळेल. मराठी नावाच्या या रचनेतच आजीची भीती दडलेली आहे, आणि लेखकाने तिचे स्पष्टीकरण दिलेले नाही. शाळेच्या दाखल्याविषयी मुलगा सहज एक वाक्य बोलतो, तेवढ्यावर सारे उभे आहे.

सुनेची बाजू लेखकाने हलकी केलेली नाही, हेही नोंदवले पाहिजे. सासऱ्यांचे नाव घेऊन मुलाला रागवायचे कसे, हा तिचा प्रश्न विनोदी वाटतो, पण तो आजीच्याच संकोचाचा वारसा आहे. दोघी एकाच नियमाने बांधलेल्या आहेत, फक्त विरुद्ध टोकांना.

शेवटचा परिच्छेद मात्र खटकतो. आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात ‘कुर्र’ करते; कथा येथे संपली होती. त्यापुढे आजोबांच्या तसबिरीकडे पाहून आजीने डोळे पुसणे हे वाचकाला आधीच कळलेले पुन्हा सांगणे आहे. आत्या ही त्या विश्वनाथांची मुलगी. बापाचे नाव मोठ्याने घेण्यास तिला कोणताही मज्जाव नाही, आणि त्या क्षणी घरात तो अधिकार असलेली स्त्री ती एकटीच आहे.