अग्रलेखातला प्रतिपक्ष

नागरी प्रश्नावरचा अग्रलेख हाती आला की मी आधी त्यातला विरोधक शोधतो. संपादकाने त्याच्या तोंडी कोणता युक्तिवाद घातला आहे, यावरून लेखाचा कस कळतो. फेरीवाल्यांवरचे बहुतेक अग्रलेख याच ठिकाणी कमी पडतात.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. त्यानंतर स्थानकांचा परिसर फेरीवालामुक्त करा, ही मागणी जोरात पुढे आली. नोव्हेंबरच्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयानेही स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीचा धंदा नको, असा निर्णय दिला. तेव्हा ‘पदपथ चालणाऱ्याचा आहे’ ही भूमिका निराधार नाही. ती ठामपणे घ्यावीच.

पण अशा अग्रलेखांत विरोधक म्हणून उभा असतो तो मतांसाठी फेरीवाल्यांना पाठीशी घालणारा पुढारी किंवा हप्ता घेणारा कर्मचारी. त्यांना दोन वाक्यांत आडवं करता येतं. खरा प्रतिपक्ष २०१४ च्या पथविक्रेता कायद्याच्या तिसऱ्या कलमात आहे. सर्व विक्रेत्यांचं सर्वेक्षण पुरं होऊन त्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणालाही हटवता येणार नाही, दुसरीकडे हलवताही येणार नाही, असं ते कलम सांगतं. हे सर्वेक्षण निदान पाच वर्षांतून एकदा व्हायचं आहे. म्हणजे फेरीवाला विचारू शकतो: ‘मोजणी करायची पालिकेने, ती रखडली तर टोपली उचलायची माझी?’

यावर ‘पण नागरिकांनी चालायचं कुठून?’ असं विचारणं हे उत्तर नव्हे. ती आपलीच बाजू पुन्हा मांडणं झालं. उत्तर द्यायचं तर आधी मान्य करावं लागतं की दोष पालिकेचा आहे. मग दाखवावं लागतं की कायदा उपजीविकेला संरक्षण देतो, पण ठरावीक जागेवर कायमचा हक्क देत नाही. सर्वेक्षणानंतर तीस दिवसांची नोटीस देऊन स्थलांतर करण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.

इथे भूमिका बदलत नाही, मागणी मात्र बदलते. ‘फेरीवाले हटवा’ याऐवजी ‘अमुक तारखेपर्यंत सर्वेक्षण संपवा, निदान चाळीस टक्के विक्रेते-प्रतिनिधी असलेली नगर पथविक्रेता समिती बसवा, स्थानकाजवळच पण दीडशे मीटरच्या रेषेबाहेर जागा आखा’ असं लिहावं लागतं. अग्रलेखाचा रोख टोपलीवाल्या बाईकडून आयुक्तांकडे वळतो.

एक गोष्ट तरीही उरते. एल्फिन्स्टनचा पूल अरुंद होता, आणि फेरीवाले गेल्याने पूल रुंद होत नाही. जो अग्रलेख हेही लिहितो, त्याची उरलेली मागणी छोटी होते, पण खोडता येत नाही. म्हणून माझी कसोटी साधी आहे: प्रतिपक्षाचा परिच्छेद फेरीवाला संघटनेच्या कार्यकर्त्याला वाचून दाखवावा. ‘हेच तर आम्ही म्हणतो’ असं तो म्हणाला, तरच पुढचं उत्तर छापावं.